बाळ तापलंय: फोनवरची नर्स आधी वय का विचारते

रात्रपाळीला तासाभरात दोन फोन येतात असं समजा. पहिल्या फोनवर एक आई रडवेली झालेली. बाळ नऊ महिन्यांचं आहे आणि ताप १०३. दुसऱ्या फोनवर एक बाबा, अगदी शांत. बाळ २६ दिवसांचं आणि ताप १००.८. "फार नाहीये सिस्टर, पण म्हटलं विचारून घ्यावं." यातल्या पहिल्या आईला आम्ही बहुतेक वेळा घरीच थांबायला सांगतो. दुसऱ्या बाबांना सांगतो की फोन ठेवा आणि लगेच निघा.

ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. नव्या नर्सनाही पहिल्या आठवड्यात तसंच वाटतं. म्हणून फोनवर तापाच्या बाळाबद्दल काय विचारायचं, कोणत्या क्रमाने विचारायचं आणि कोणत्या उत्तराला काय ठरवायचं, याचा एक लिखित कागद आमच्यासमोर असतो. बोलीत आम्ही त्याला 'स्क्रिप्ट' म्हणतो. अमेरिकेत बार्टन श्मिट या बालरोगतज्ज्ञांनी अशा प्रश्नावल्या बांधल्या आणि तिथल्या फोन-नर्स त्या वर्षानुवर्षं वापरतात. आपल्याकडची रुग्णालयं आपापल्या सोयीने त्यात बदल करतात, पण सांगाडा साधारण तोच राहतो. स्क्रिप्टने आजाराचं निदान होत नाही. बाळाला डॉक्टरांनी किती वेळात बघायला हवं, एवढंच ती ठरवते. उत्तरं चार असतात: १०८ लावा, तासाभरात रुग्णालयात पोचा, आज दिवसभरात दाखवा, किंवा घरी सांभाळा आणि अमुक झालं तर पुन्हा फोन करा.

पहिलं मिनिट तापाचं नसतंच. बाळ श्वास घेतंय का, ओठ किंवा जीभ निळी-करडी पडली आहे का, झटके येतायत का, हलवून उठवल्यावर डोळे उघडतं का, एवढं आधी विचारायचं. यातल्या कशानेही शंका आली की बाकीचे प्रश्न तिथेच थांबतात आणि १०८ ला फोन लागतो. ताप किती आहे हे अशा वेळी विचारत बसलं तर वेळ वाया जातो.

यातून बाळ सुटलं की दुसरा प्रश्न वयाचा, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. "बाळ केवढं आहे?" असं विचारलं की उत्तर येतं, "तिसरा चालू आहे." आता तिसरा महिना चालू म्हणजे दोन पूर्ण झाले आणि तिसरा लागला. पण ऐकणारीच्या कानात 'तीन' एवढंच राहतं आणि ती कागदावर तीन महिने लिहिते. माझ्याकडून सुरुवातीला हे झालेलं आहे. बाळ होतं ६३ दिवसांचं, मी तीन महिन्यांपुढच्या रकान्यात गेले आणि "उद्या सकाळी दाखवा" असं सांगितलं. सोबतच्या वरिष्ठ सिस्टरनी नोंद वाचली, परत फोन लावला आणि त्यांना रात्रीच बोलावून घेतलं. त्या दिवसापासून मी वय विचारत नाही, जन्मतारीख विचारते आणि दिवस मोजते. त्याला जोडून आणखी एक प्रश्न: "पूर्ण दिवसांचं की आधी झालं?" आठव्या महिन्यात झालेलं बाळ जन्मतारखेने दोन महिन्यांचं दिसलं, तरी ताकदीने त्याच्याहून लहान असतं.

वयाला एवढं वजन देण्याचं कारण बाळाच्या शरीरात आहे. पहिल्या तीन महिन्यांत प्रतिकारशक्ती कच्ची असते, त्यामुळे लघवीच्या मार्गातले जंतू रक्तात आणि रक्तातले मेंदूच्या आवरणापर्यंत जायला फारसा वेळ लागत नाही. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की एवढं लहान बाळ आजार दाखवू शकत नाही. मोठं मूल कण्हतं, डोकं धरतं, खेळणं सोडतं. २६ दिवसांचं बाळ थोडं जास्त झोपतं आणि थोडं कमी पितं, बस. ते 'छान दिसतंय' याचा अर्थ त्याला काही झालेलं नाही असा होत नाही. एवढ्याशा बाळाचा ताप हीच कधी कधी आजाराची एकमेव खूण असते. म्हणून ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, किंवा जास्त ताप असेल तर ते थेट लाल गटात जातं. आपल्याकडे आशाताई आणि आरोग्यसेविकांना शिकवल्या जाणाऱ्या आयएमएनसीआय पद्धतीत तर दोन महिन्यांच्या आत काखेतलं तापमान ९९.५ झालं तरी ते धोक्याचं लक्षण मानतात. त्याच पद्धतीत ९५.९ च्या खाली गार पडलेलं बाळही तितकंच धोक्यात धरलं जातं. जंतुसंसर्गात तान्ह्याला ताप येण्याऐवजी ते थंडही पडू शकतं, आणि हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. "ताप उतरला, आता अंग गार आहे" हे वाक्य महिन्याच्या आतल्या बाळाबद्दल ऐकलं की मी सावध होते.

म्हणजे तीन महिन्यांच्या आत ताप नक्की असेल, तर बाकी कुठल्याही चांगल्या उत्तराने निकाल खाली येत नाही. पितंय, हसतंय, सर्दी आहे म्हणून असेल, घरात सगळ्यांनाच ताप आहे, यातलं काहीही 'तासाभरात रुग्णालय' याला 'उद्या दाखवा' करत नाही. उलट वाईट उत्तराने निकाल वर मात्र जातो. नर्सला स्क्रिप्टपेक्षा जास्त घाई करायची मुभा असते, कमी घाई करायची नसते.

एक गुंता लसीचा आहे. दीड महिन्याला पेंटाव्हॅलंटची सुई घेतल्यावर त्याच संध्याकाळी बऱ्याच बाळांना ताप येतो, आणि घरोघरी त्याला 'सुईचा ताप' म्हणतात. बहुतेकदा ते खरंही असतं. पण सुई परवा दिली आणि ताप आज सुरू झाला, तर तो सुईच्या खात्यावर टाकता येत नाही. म्हणून सुई कोणत्या दिवशी, किती वाजता दिली आणि ताप पहिल्यांदा केव्हा कळला, या दोन्ही वेळा लिहून घ्यायच्या. बाळ दीड-दोन महिन्यांचं असेल, सुई त्याच दिवसाची असेल आणि बाळ नीट पीत असेल, तरी नर्सने एकटीने ठरवायचं नाही. आईला फोनवर ठेवून ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारायचं.

मग येतो आकडा. तो कुठे मोजला, कशाने मोजला आणि केव्हा, हे कळल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. कपाळासमोर धरायची बंदूक घाम, पंखा, थंड हवा यांनी फसते. काखेत डिजिटल थर्मामीटर चांगला, पण काख कोरडी हवी, टोक काखेच्या मधोमध हवं आणि बीप वाजेपर्यंत बाळाचा हात अंगाशी धरून ठेवायला हवा. झबल्यावरून लावलेला थर्मामीटर कमीच दाखवणार. घरात थर्मामीटर नसेल तर पोटाला किंवा पाठीला हात लावायला सांगतो, कारण तळहात-तळपाय फसवे असतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग आईच्या हाताला तापलेलं लागत असेल तर तेवढं पुरतं. थर्मामीटर आणायला दुकान उघडायची वाट बघायची नाही.

आता तो २६ दिवसांचा फोन पूर्ण बघू. नव्या मुलींना शिकवताना मी तो वापरते. दोन-तीन खऱ्या फोनांमधून जोडलेला आहे.

रात्रीचे १.४०. नगर जिल्ह्यातली एक वाडी.

"सिस्टर, बाळ जरा तापलंय. काय औषध देऊ?"

"दादा, बाळ आत्ता कुणाजवळ आहे?"

"आईजवळ. म्हणजे माझ्या आईच्या मांडीवर."

"फोन स्पीकरवर टाका आणि बाळाच्या आईलाही जवळ बोलवा. मला तिघांशी बोलायचंय."

हा पहिला मुद्दा लहान वाटतो, पण फोन करणारा बहुधा बाळाजवळ नसतो. बाबा अंगणात रेंज शोधत उभे असतात आणि ऐकीव सांगतात. दूध कसं पितंय हे फक्त पाजणारीला माहीत असतं.

श्वास, रंग, झटके, जाग यांची उत्तरं ठीक आली. जन्मतारखेवरून २६ दिवस. पूर्ण दिवसांचं, जन्मवजन २.८ किलो. ताप काखेत १००.८, डिजिटल थर्मामीटर, दहा मिनिटांपूर्वी. बाळाच्या अंगात लोकरी झबलं, टोपी, मोजे, वर दुपटं आणि खोलीत शेगडी.

जास्त गुंडाळल्याने तान्ह्याचं अंग खरंच तापू शकतं. म्हणून मी टोपी, मोजे आणि लोकरीचं झबलं काढायला सांगितलं, एक सुती झबलं ठेवायला आणि शेगडी बाहेर न्यायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पण ती पंधरा मिनिटं नुसती बसून घालवायची नाहीत, तोवर पुढचे प्रश्न चालू.

"ताई, दूध कसं पितंय?"

"दूध टाकतंय जरा."

इथे थांबावं लागतं. 'दूध टाकतंय' म्हणजे कुणाच्या तोंडी ओकतंय, तर कुणाच्या तोंडी पीतच नाही. दोन्हींचे अर्थ फार वेगळे. "ओकून टाकतंय, की तोंडात घेत नाही?" असं सरळ विचारलं. "घेतो, पण दोन घोट ओढतो आणि झोपतो." रोज किती वेळ ओढतो? "दहा-पंधरा मिनिटं तरी." पोटभर शेवटचं कधी प्यायलं? "दिवे लागायच्या वेळेला." म्हणजे साधारण सात. साडेसहा तास उलटले होते. लंगोट? "तेव्हापासून एकच ओला झाला, तोही थोडासा."

मी "दूध नीट पितंय ना?" असं विचारलं असतं तर उत्तर "हो" आलं असतं. ती खोटं बोलली नसती. बाळ तोंडात घेतंय, हे तिच्या दृष्टीने पिणंच. म्हणून उत्तर हो-नाहीत येईल असा प्रश्न शक्यतो टाळायचा. शेवटचं कधी, किती वेळ, किती लंगोट, रोजच्यापेक्षा कमी की तेवढंच, असं विचारलं की मोजता येणारं उत्तर मिळतं.

श्वास मोजायला बाळाला उजेडात आणलं, झबलं वर केलं आणि ताईंना सांगितलं, पोट वर आलं की दरवेळी 'हं' म्हणा. त्या 'हं' म्हणत गेल्या आणि मी घड्याळाकडे बघत मोजत गेले. पूर्ण एक मिनिट, कारण तान्ह्याचा श्वास मधेच थांबतो, मधेच भरभर चालतो, अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर फसायला होतं. ५४ आले. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा वर गेले तर धोका, दोन महिने ते वर्षापर्यंत ५०. छातीखाली खळगा पडत नव्हता, कण्हण्यासारखा आवाज नव्हता. बाळाला उभं धरल्यावर, ते शांत असताना, टाळू फुगलेली नव्हती.

"काही औषध दिलं का?" "नाही," बाबा म्हणाले. मी पुन्हा विचारलं, "आजी, गुटी, काढा, मोठ्या मुलाचं एखादं सिरप, काहीही?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, "दहाला थोरल्याच्या तापाचं अर्धं झाकण दिलं." बाटली हातात घेऊन वाचायला लावली: पॅरासिटामॉल, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. झाकण ५ मिलीचं, म्हणजे अडीच मिलीत साधारण ६२ मिलिग्रॅम. किलोला १५ मिलिग्रॅमचा हिशोब धरला तर तीन-सव्वातीन किलोच्या बाळाला हे थोडं जास्त, पण एकदाच दिल्याने घाबरण्याइतकं नाही. मात्र त्यामुळे १००.८ चा अर्थ बदलला. औषध देऊन पावणेचार तास झाले तरी ताप एवढा आहे, म्हणजे औषधाआधी तो जास्त असणार. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी बघेपर्यंत तापाचं औषध देऊ नका असं आम्ही सांगतो ते यासाठीच: आकडा झाकला जातो आणि घरचे निवांत होतात.

पुन्हा मोजलं, १००.६. समजा दुसऱ्यांदा ९८.८ आलं असतं तरी हे बाळ मी घरी ठेवलं नसतं. दूध कमी झालंय, लंगोट कोरडे आहेत आणि औषधाचा असर अंगात आहे, तर खाली आलेल्या आकड्यावर विसंबायचं कशाच्या बळावर?

निकाल: तासाभरात रुग्णालय, आणि तेही नवजात बाळांचा विभाग असलेलं. रात्री दोनला गावातल्या बंद दवाखान्याचं दार वाजवण्यात जाणारा अर्धा तास या बाळाकडे नव्हता.

पण निकाल सांगितला म्हणजे बाळ पोचलं असं नाही. आजी म्हणाल्या, "एवढ्या थंडीत बाळाला बाहेर काढायचं? दिवस उजाडू दे." आजींशी वाद घालायचा नाही आणि त्यांना अडाणी तर मुळीच ठरवायचं नाही. घरात निर्णय बहुधा त्याच घेतात. मी म्हटलं, "आजी, तुम्ही पोरं वाढवलीत, तुम्हाला अंगाला हात लावून कळतं. पण लघवीत जंतू आहेत का, रक्तात आहेत का, हे हाताला कळत नाही आणि मलाही फोनवर कळत नाही. त्याला लघवी आणि रक्त तपासावंच लागतं. महिन्याच्या आतल्या बाळाला यात सकाळपर्यंत थांबवत नाहीत." तिथे कदाचित पाठीतलं पाणीही तपासतील, भरतीही करतील, हे मी तेव्हाच सांगून टाकलं. ते आधी सांगितलं नाही तर घरचे तिथे पोचल्यावर घाबरतात आणि सही न करता परत फिरतात. "एक इंजेक्शन देऊन सोडतील" असं खोटं आश्वासन देऊन बाळाला घराबाहेर काढू नये.

गाडी? चुलत्याची आहे, शेजारी. पंधरा मिनिटांत निघता आलं नाही तर १०८. बाळ आईच्या कुशीत, एक झबलं आणि वर एक पांघरूण, दार उघडताना टोपी. जागं असेल तर वाटेत पाजायचं. औषध आता काही नाही. सिरपची बाटली आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत. वाटेत उठेनासं झालं, निळं पडलं, झटका आला तर गाडी थांबवून १०८. शेवटी बाबांना म्हटलं, "मी काय सांगितलं ते मला सांगा." त्यांनी सगळं सांगितलं, बाटलीचं विसरले. ते पुन्हा सांगितलं.

वीस मिनिटांनी मी परत फोन लावला. गाडी रस्त्याला लागली होती. मग ड्यूटीच्या डॉक्टरांना कळवलं: २६ दिवस, काखेत १००.८, सिरप दहा वाजता, शेवटचं पूर्ण दूध सातला, श्वास ५४, अडीचपर्यंत पोचतील.

आणि ती १०३ वाली आई? बाळ नऊ महिन्यांचं, आठ किलोचं, ताप त्याच दुपारपासून. तिला तेच सगळे प्रश्न, त्याच क्रमाने. ताप उतरला की खेळतंय, वाटीवाजवी करतंय, पाच लंगोट ओले, श्वास ४०, लसी वेळेवर. या वयात आकड्यापेक्षा वागण्याला जास्त किंमत आहे, कारण या वयाचं बाळ आजार दाखवू शकतं. तीन ते सहा महिन्यांत १०२.२ च्या वर गेला तर आम्ही त्याच दिवशी बोलावतो. त्यापुढे नुसता १०३ चा आकडा रात्रीच बाहेर काढण्याइतका नाही, १०४ च्या वर गेला तर मात्र त्याच रात्री दाखवायचं.

तिच्याशी सगळ्यात जास्त वेळ बाटलीवर गेला. आठ किलोला १२० मिलिग्रॅम, म्हणजे १२५ च्या सिरपचे जवळजवळ ५ मिली. २५० चं सिरप असेल तर त्याच्या निम्मं. ड्रॉप्स असतील, तर एक मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे मिलीहून किंचित जास्त. तिच्या हातात ड्रॉप्सची बाटली होती आणि बाजूला सिरपचं झाकण. त्या झाकणाने ५ मिली दिले असते तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेले असते, लागतं त्याच्या चौपट. ड्रॉपर शोधायला लावला, त्यावरची १ ची रेघ वाचायला लावली, सहा तासांच्या आत पुन्हा देऊ नका असं सांगितलं.

सकाळी सातला तिला फोन केला. ताप १०१, बाळ बसून मऊ भात खात होतं, रात्रीतून दोन लंगोट ओले. सर्दी-खोकला काहीच नाही. या वयात कारण न दिसणारा ताप चोवीस तासांवर गेला की लघवी तपासून घ्यायची असते, म्हणून तिला दुपारी ओपीडीत यायला सांगितलं.